या आठवड्याचं रात्रीचं जेवण : सोमवार ते रविवार

अहो, उद्यापासून माझी सेकंड शिफ्ट. दुपारी सव्वादोनला घर सोडेन आणि रात्री पावणेबारापर्यंत परत येईन. रात्रीचं जेवण तुमच्याकडे आणि राधाकडे. मार्गशीर्ष आहे, म्हणून ओमने कितीही तोंड वाकडं केलं तरी अंडीसुद्धा नाहीत. आठवडाभराचं सगळं खाली लिहिलंय. कागद फ्रिजवर लावते. रोज संध्याकाळी मला फोन करून "आज काय करू" विचारू नका, लाइनवर फोन घेता येत नाही.

आधी पैशांचं. महिन्याचे नऊ हजार. त्यात दुधाचे १,७००, वाण्याचे ४,८०० (ते १ तारखेलाच दिले), भाजी आणि फळांचे २,०००. उरलेले ५०० देवघरातल्या डबीत आहेत, पाहुणे आले किंवा मध्येच तेल संपलं तर त्यासाठी. म्हणजे भाजीला आठवड्याचे ५००, त्यातच डब्याच्या भाज्याही आल्या. खालची सातही जेवणं धान्य, डाळ, तेल सगळं धरून साधारण ६४० रुपयांत बसतात. बाहेरून एकदा पनीरची भाजी आणि रोट्या मागवल्या तर चौघांचे तेवढेच जातात, आणि ओम तरी पुन्हा दहा वाजता बिस्किटं शोधतो.

आपल्याकडे पैसे जातात ते संध्याकाळी सात वाजता, काही ठरलेलं नसलं की. मग कोपऱ्यावरून ब्रेड येतो, फरसाण येतं, पावशेर पनीर येतं. डाळ-कडधान्य डब्यात असतं, फक्त भिजवलेलं नसतं. म्हणून या आठवड्यात भिजवणं चुकवायचं नाही, बाकी थोडंफार इकडेतिकडे झालं तर चालेल.

आजचा बाजार (रविवार, तुम्ही आणि ओम)

मेथी २ जुड्या, कांदे २ किलो, टोमॅटो १ किलो, बटाटे १ किलो, कोबीचा एक गड्डा, गाजर अर्धा किलो, घेवडा अर्धा किलो (डब्याला), मिरची, आलं, कोथिंबीर. अडीचशेच्या आत बसवा. मेथी मात्र गेल्या गेल्या घ्या. बाजार उठायच्या वेळी ती स्वस्त मिळते खरी, पण पिवळी पानं निवडण्यात निम्मी फेकायची असेल तर स्वस्त कसली? टोमॅटो, कांदे शेवटी घ्या, तेव्हा भाव उतरतो आणि ते काही कोमेजत नाहीत. मटार आज नको, गुरुवारी मी आणेन.

मटकी पाव किलो मी सकाळीच भिजत घातली आहे. राधा, रात्री झोपताना पाणी काढून टाक, धुऊन ओल्या फडक्यात घट्ट बांध, आणि पातेल्यात ठेवून वर झाकण ठेव. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून मंगळवारची तयारी आजच. सोमवारी सकाळी फडकं कोरडं वाटलं तर वरून पाण्याचा हबका मार, भिजवू नकोस, नाहीतर वास येतो.

सोमवार : मेथीची पातळ भाजी, बाजरीची भाकरी (सुमारे ८५ रु.)

पालेभाजी आधी संपवायची म्हणून मेथी सोमवारी. मी सकाळी निवडून, चिरून डब्यात ठेवते. शेंगदाणे मूठभर सकाळीच पाण्यात टाकते. तूरडाळ अर्धी वाटी दाण्यांसकट कुकरला लावा, चार शिट्ट्या. मग लसणाची फोडणी, जास्त लसूण, त्यात मेथी परता, डाळ-दाणे घाला, चमचाभर बेसन पाण्यात कालवून लावा म्हणजे पाणी वेगळं राहत नाही. गूळ घालू नका, तुमच्या आईंकडे घालतात, पण मुलांना तशी आवडत नाही.

भाकऱ्या आठ : तुमच्या तीन, माझ्या दोन, राधाच्या दोन, ओमची एक. पीठ कालच दळून आणलंय, त्याला विरी आहे. तरीही बाजरीला गरम पाणी घ्या आणि एकेका भाकरीपुरतंच मळा. राधाला दोन थापू द्या. वाकड्या झाल्या तरी पोटात सारख्याच जातात.

मंगळवार : मटकीची उसळ, चपाती, थोडा भात (सुमारे ८५ रु.)

उसळीला दोन कांदे, एक टोमॅटो, कांदा-लसूण मसाला दीड चमचा. मटकी कुकरमध्ये घालू नका, मोड गळून लगदा होतो. पातेल्यात, वर ताटलीत पाणी ठेवून शिजवा, वीस मिनिटं. तेच गरम झालेलं पाणी रश्श्याला. फोडणीला घालण्याआधी मोडाची मटकी वाटीभर बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा, बुधवारी डब्याला कांदा-लिंबू घालून नेता येईल. बारा चपात्यांना साडेचारशे ग्रॅम कणीक लागते, म्हणजे पिठाच्या डब्यातलं माप भरून तीनदा. जास्त मळली तर फ्रिजमध्ये काळी पडते आणि सकाळी कोणी खात नाही.

बुधवार : पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा (सुमारे ७५ रु.)

याला मी काय सांगणार? बेसन एक वाटी, पाणी तीन वाट्या, आधी कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. कांदा फोडणीत लाल होऊ द्या. ठेच्यात शेंगदाणे घाला, ओमला तिखट कमी लागतं. माझं पिठलं घट्ट झालं तरी राहू द्या, मी पाणी घालून गरम करेन.

गुरुवार : माझी सुट्टी

भोसरीत गुरुवारी कंपन्या बंद असतात हे यंदा सोयीचं पडलं, मार्गशीर्षातला गुरुवार आणि माझा उपास एकाच दिवशी. पूजा सकाळी, उपास संध्याकाळी सोडायचा. वरण-भात, चपाती, वांगी-बटाट्याची भाजी, शेवयांची खीर. दीडशेच्या आसपास जातील, आठवड्यातलं सगळ्यात महाग जेवण हेच, आणि तसंच असू दे. खिरीला अर्धा लिटर दूध लागतं. ते वेगळं आणायचं नाही, त्या दिवशी दुपारचा चहा सगळ्यांनी एकेकदाच.

दुपारी बाजारात जाऊन मी पालक एक जुडी, वांगी अर्धा किलो, मटार अर्धा किलो, कोथिंबीर आणि डझनभर केळी आणते. वरण मात्र दुप्पट लावणार आहे, तूरडाळ पाव किलो. निम्मं वरण फोडणी न देता स्टीलच्या डब्यात फ्रिजच्या वरच्या खणात असेल. त्याला हात लावू नका, ते शुक्रवारचं.

शुक्रवार : पालक घातलेल्या चकोल्या (सुमारे ५० रु.)

सगळ्यात स्वस्त जेवण, आणि मुलं भांडून खातात. डब्यातल्या वरणात पाच-सहा वाट्या पाणी घालून सारखं करा. मोठ्या पातेल्यात फोडणी : मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. त्यात चिरलेला पालक, मग वरण, हळद, तिखट, गोडा मसाला, तीन आमसुलं आणि लिंबाएवढा गूळ. इथे गूळ चालतो. खळखळून उकळी आली पाहिजे.

कणकेत मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल. जाडसर पोळ्या लाटून सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या कापा. हे काम ओमचं, त्याला कातण द्या. वड्या एकदम ओतल्या तर एकमेकींना चिकटून गोळा होतो, उकळत्या वरणात एकेक सोडायच्या आणि मध्ये हलवायचं. बारा-पंधरा मिनिटांत शिजतात. वडी मोडून आत कच्चं पीठ दिसतंय का ते बघा. वर तूप, पण डब्याचं माप बघून, महिना संपायला अजून बारा दिवस आहेत.

माझ्या वाटणीच्या वड्या शिजवू नका. पीठ भुरभुरवून ताटलीत ठेवा, दोन वाट्या वरण वेगळं काढा. मी आल्यावर पाच-दहा मिनिटं उकळून घेईन. चार तास भिजलेल्या चकोल्या म्हणजे नुसती खळ होते.

शनिवार : मूगडाळीची खिचडी, कढी, पापड (सुमारे ९५ रु.)

तांदूळ दीड वाटी, मूगडाळ पाऊण वाटी, मटार आणि एक गाजर. मऊ हवी, म्हणून पाणी चौपट. कढीला दही घरचंच. शुक्रवारी रात्री झोपताना अर्धा लिटर कोमट दूध विरजा. थंडी आहे, भांडं कणकेच्या डब्यात ठेवून झाकण लावा, नाहीतर सकाळी दूध तसंच असतं. कढीला बेसन दोनच चमचे, आणि उकळी फुटू देऊ नका, कढी फाटते. पापड चारच भाजायचे, तळायचे नाहीत. तेलाचा शेवटचा लिटर आजपासून फोडलाय.

रविवार : अख्खा मसूर, चपाती, जिरा भात (सुमारे १०० रु.)

चिकनच्या दिवशी चिकन नाही म्हटल्यावर घरात कसली शांतता असते ते मला माहीत आहे. म्हणून रविवार अख्ख्या मसूरला दिलाय. आमच्या कराड-इस्लामपूरकडे ढाब्यावर लोक खास हे खायला थांबतात. मसूर पाव किलो, दुपारी दोनला भिजत घाला. कुकरला तीन शिट्ट्या, दाणा अख्खा राहिला पाहिजे पण बोटाने दाबला की चेपला पाहिजे. तीन कांदे बारीक चिरून भरपूर वेळ परता, निदान पंधरा मिनिटं, गॅस मंद. इथे घाई केली तर मसूर नुसती आमटी होते. मग आलं-लसूण, दोन टोमॅटो, तेल सुटू द्या, कांदा-लसूण मसाला दोन चमचे, मसूर, आणि ज्या पाण्यात शिजला तेच पाणी. वर कच्चा कांदा, लिंबू.

काही बिनसलं तर : कोणत्याही दिवशी गॅस संपला, उशीर झाला, कोणाला बरं नसलं, तर तो दिवस सोडून द्या आणि पोहे करा. पण भिजवलेलं किंवा मोड आलेलं काही असेल तर ते दुसऱ्या दिवशी नक्की संपवा, आणि एक दिवस मागे-पुढे सरकवा. मेथी आणि पालक मात्र सरकवायचे नाहीत.

भाजीच्या हिशोबाची वही फ्रिजच्या वर आहे. राधा, बाबांनी बाजारातून आल्यावर सांगितलेला आकडा लगेच लिहून घे, रात्री झोपताना विचारलंस तर त्यांना आठवत नाही. शनिवारपर्यंत पाचशेतले काही उरले तर पुढच्या आठवड्यात पेरू आणू, आता स्वस्त व्हायला लागलेत.