विषय: ‘कोल्हापुरी चप्पल’ लेखावरचा चोरीचा आरोप आणि अडवलेलं मानधन

नमस्कार मॅडम,

तुमची ८ ऑगस्टची मेल आणि सोबतचा प्लॅजिअरिझम रिपोर्ट मिळाला. लेखात ३८ टक्के मजकूर ‘उचललेला’ आहे आणि म्हणून सहाही लेखांचं बिल थांबवलं आहे, असं तुम्ही लिहिलंत. हा आरोप मला मान्य नाही. लेखाचं प्रत्येक वाक्य मी लिहिलेलं आहे आणि ते दाखवण्यासाठी लागणारं सगळं माझ्याकडे आहे. पुरावे सोबत जोडले आहेत. तुमच्या संपादकांसोबत बसून हे वाचावं, अशी विनंती.

आधी त्या रिपोर्टबद्दल. वरचा आकडा पाहून निष्कर्ष काढण्याआधी खाली कुठल्या पानाशी किती जुळतंय ते पाहावं लागतं. ३८ पैकी २९ टक्के मजकूर एकाच पानाशी जुळतो, आणि ते पान तुमच्याच साइटच्या टेस्ट पत्त्यावरचं आहे. २ जुलैला मी नमुना म्हणून लेखाचा पहिला भाग पाठवला होता. तो तुमच्या टीमने मांडणी पाहण्यासाठी तिथे चढवला. त्या पानावर `noindex` लावलेलं नाही, त्यामुळे ते बाहेरच्या शोधात सापडतं. म्हणजे माझा लेख माझ्याच लेखाशी जुळला आहे. वर्डप्रेसमध्ये त्या पानाच्या रिव्हिजन्स उघडल्या की ते कोणी आणि कधी चढवलं, ते तुमच्या तांत्रिक माणसाला लगेच दिसेल. मजकूर माझ्या मेलमधून आलेला आहे, आणि ती मेल तुमच्या इनबॉक्समध्ये आहे.

पुढचे ५ टक्के भौगोलिक मानांकनाच्या तपशिलाचे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर या दोन संस्था. जिल्ह्यांची नावं मी वेगळ्या शब्दांत कशी लिहिणार? मानांकन दोन राज्यांना मिळून आहे, हे जो कोणी लिहील त्याच्या लेखात ही ओळ येणारच.

उरलेले ४ टक्के एका विक्रीच्या साइटवरचे आहेत. तिथे रिपोर्टने रंगवलेले शब्द पाहा: कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी, बाभळीची साल, हिरडा. चपलेच्या प्रकारांची आणि चामडं कमावण्याच्या साहित्याची ही नावं कोणाच्या मालकीची नाहीत. सलग जुळणारं एकही पूर्ण वाक्य तिथे नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पान जोडलं आहे.

आता लेख कसा तयार झाला ते. मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, तेव्हा २६ जूनला तुमच्याच संपादकांनी फोन करून मालिकेतला सहावा विषय बदलला. त्याच आठवड्यात, २९ जूनला, मी कोल्हापुरात जाऊन एका कारागीर कुटुंबाशी बोलले. त्यांच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. संबंधित तुकडा आणि त्याचं लेखी उतरवलेलं रूप सोबत आहे. वेणी गुंफणाऱ्या काकूंचं ‘मोकळी गुंफली तर पाय सरकतो, आवळली तर चावते’ हे वाक्य त्यात त्यांच्या आवाजात ऐकू येतं. लेखाचा मधला, सगळ्यात मोठा भाग या बोलण्यावरच उभा आहे: घरातल्या बायकांच्या वाट्याला येणारं काम, त्याची मजुरी, पावसाळ्यात चामडं वाळत नाही म्हणून थांबणारा हात. तुमच्या रिपोर्टमध्ये या भागातला एकही शब्द रंगलेला नाही. चोरी करणाऱ्याने नेमका हाच भाग स्वतः लिहिला असता का?

लेख गुगल डॉक्समध्ये लिहिला आहे. पहिल्या टिपणापासून अंतिम प्रतीपर्यंतची व्हर्जन हिस्टरी शाबूत आहे. कुठली ओळ कधी आली, कुठली खोडली, परिच्छेद कधी वर गेला, सगळं तारीख-वेळेसह दिसतं. बाहेरून आणून एकगठ्ठा चिकटवलेला मजकूर तिथे लपत नाही. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, म्हणून तुम्हाला आणि संपादकांना फाइलचा एडिटर अ‍ॅक्सेस दिला आहे. त्याच फाइलमध्ये ८ जुलैला संपादकांनी काकूंच्या वाक्यापाशी ‘हे फार छान आलंय, ठेवा’ अशी कमेंट केलेली आहे. लेख घडताना तुमची माणसं सोबत होती.

आता पैशांबद्दल स्पष्ट बोलते. सहा लेख, प्रत्येकी ४,५०० रुपये, एकूण २७,००० रुपये. पैठणी, सोलापुरी चादर, पुणेरी पगडी, वारली चित्रकला आणि करवतकाठी साडी या पाच लेखांबद्दल तुमची काहीच तक्रार नाही. तरी त्यांचे २२,५०० रुपयेही अडकवले आहेत. याला कुठलाच आधार नाही. शेवटचा लेख १२ जुलैला तुमच्याकडे पोचला आणि २१ जुलैला तुम्ही तो प्रसिद्ध केला. १४ जुलैच्या बिलाची १५ दिवसांची मुदत २९ जुलैला संपली. हरकत त्यानंतर आली, तीही मी पैशांची आठवण केल्यावर.

माझी उद्यम नोंदणी आहे आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. कलम १५ प्रमाणे ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. कलम १८ खाली सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण ही मालिका मी जीव लावून लिहिली आहे. पण पाऊल उचलावं लागलं तर उचलेन.

लेखांचे हक्क पूर्ण मानधन मिळाल्यावरच तुमच्याकडे येतील, असं आपल्या मे महिन्यातल्या मेलमध्ये ठरलं आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ प्रमाणेही हक्क देणं लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. तसं अजून काही झालेलं नाही. एकीकडे लेख चोरीचा म्हणायचा आणि दुसरीकडे तो साइटवर ठेवायचा, या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. पाच लेखांचे २२,५०० रुपये गुरुवारी, १४ ऑगस्टपर्यंत जमा करावेत. टेस्ट पान वगळून रिपोर्ट पुन्हा काढावा आणि उरलेले ४,५०० रुपये १८ ऑगस्टपर्यंत द्यावेत. त्यानंतरही एखाद्या वाक्याबद्दल शंका असेल, तर ते वाक्य आणि त्याचं मूळ पान दोन्ही कळवा, मी उत्तर देईन. व्हिडिओ कॉलवर व्हर्जन हिस्टरी उघडून दाखवायचीही तयारी आहे; बुधवारी दुपारी ३ नंतर मी मोकळी आहे. सहाव्या लेखाचे पैसे द्यायचे नसतील, तर तो १८ तारखेलाच साइटवरून आणि टेस्ट पत्त्यावरून काढावा.

एक गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. तुमची मेल आणखी दोघांना कॉपी केलेली होती. त्यांच्यासमोर माझ्यावर चोरीचा ठपका आला आहे. आरोप मागे घेतल्याचं पत्रही त्याच दोघांना कॉपी करून पाठवावं. माझं पुढचं काम माझ्या नावावर मिळतं आणि ते नाव मी असं सोडून देणार नाही.

आपली,
स्नेहल
११ ऑगस्ट २०२५