निंगबोहून येणाऱ्या पाच पेट्या: बीएल आणि पॅकिंग लिस्टचं मराठी

विलासकाका, नमस्कार.

काल रात्री तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो मोठे करून, ओळ न् ओळ लावून वाचले. खाली दोन्ही कागदांचं मराठी देते आहे. रबाळ्याच्या गाळ्यावर माल उतरवताना संतोषदादांच्या हातात हाच कागद राहू दे, म्हणून पेट्यांचा भाग जरा सविस्तर लिहिला आहे. पण त्याआधी एक गोष्ट आजच बघा.

बीएलवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, एकूण वजन 1,598 किलो छापलं आहे. पॅकिंग लिस्टवर तेच वजन 1,958 किलो आहे. पाचही पेट्यांची बेरीज मी दोनदा केली, 1,958 बरोबर येते. म्हणजे बीएल टाइप करणाऱ्याने 9 आणि 5 ची अदलाबदल केली आहे. दुसरा पुरावा कागदातच आहे: नुसत्या यंत्रांचं, लाकूड वगळून वजन 1,616 किलो आहे. पेटीसकट वजन त्याहून कमी भरूच शकत नाही. हा आकडा तसाच राहिला तर बीएल एक सांगेल, पॅकिंग लिस्ट दुसरं सांगेल आणि सीएफएसच्या, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाच्या, काट्यावर तिसरंच काही निघेल. मग माल आत आणि आपण बाहेर खुलासे देत उभे. जहाज यायच्या आधी, मेनिफेस्टमध्ये म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत चुकीचा आकडा जायच्या आत दुरुस्ती सोपी असते. नंतर अर्ज, फी आणि दिवस तिन्ही जातात.

बिल ऑफ लेडिंग (फोटो 1 आणि 2)

हा हाऊस बीएल आहे, म्हणजे फॉरवर्डरने दिलेला. जहाज कंपनीचा मास्टर बीएल वेगळा असतो आणि तो फॉरवर्डरच्या नावाने असतो. आपल्याला डिलिव्हरी ऑर्डर या हाऊस बीएलवरच मिळणार.

माल पाठवणारा: निंगबोचा तुमचा पुरवठादार.
माल घेणारा: तुमची फर्म, पत्ता रबाळे एमआयडीसी. स्पेलिंग तुमच्या आयईसीशी, म्हणजे आयात-निर्यात कोडशी, ताडून पाहिलं, जुळतं.
माल आल्याचं कोणाला कळवायचं: ‘वरीलप्रमाणे’, म्हणजे तुम्हालाच. अरायव्हल नोटीस तुमच्या ईमेलवर येईल, स्पॅममध्येही बघत जा.
माल चढवण्याचं बंदर: निंगबो. उतरवण्याचं बंदर: न्हावा शेवा.
जहाजावर चढवल्याची तारीख: 2 जुलै.
पॅकेजेस: 5 लाकडी पेट्या.
मालाचं वर्णन: ‘पाउच भरण्याचं यंत्र, सोबतच्या उपकरणांसह, आत असल्याचे पाठवणाऱ्याने सांगितले.’
एकूण वजन: 1,598 किलो (चूक, वर लिहिलं आहे).
आकारमान: 11.886 घनमीटर. हे बरोबर आहे.
मालाची देवघेव: सीएफएस ते सीएफएस.
भाडं: पोचल्यावर वसूल.
मूळ प्रती: 3. ‘यांपैकी एका प्रतीवर माल सोडवला की उरलेल्या रद्द समजाव्यात.’

यातल्या चार ओळी थोड्या उलगडून सांगायला हव्यात.

‘आत असल्याचे पाठवणाऱ्याने सांगितले’ याचा अर्थ, पेटीत काय आहे हे वाहतूकदाराने उघडून पाहिलेलं नाही. पेटीत यंत्राऐवजी विटा निघाल्या तर तो हात वर करेल. म्हणून पेट्या बंद करतानाचे फोटो पुरवठादाराकडून मागून ठेवा.

‘सीएफएस ते सीएफएस’ म्हणजे अख्खा कंटेनर तुमचा नाही. तुमच्या पाच पेट्या इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये आहेत. कंटेनर सीएफएसमध्ये रिकामा होईल आणि तुमचा माल तिथल्या शेडमध्ये वेगळा ठेवला जाईल. अशा मालाचं भाडं वजन आणि आकारमान यांपैकी जे भारी पडेल त्यावर लावतात, 1 घनमीटर बरोबर 1,000 किलो धरून. तुमचं वजन 2 टनांच्याही आत, पण जागा जवळपास 12 घनमीटर. म्हणजे भाडं 11.886 वरच लागणार. वजनाचा आकडा दुरुस्त केल्याने तुमचं भाडं एक रुपयाही वाढत नाही, हे फॉरवर्डरला ठामपणे सांगा.

‘भाडं पोचल्यावर वसूल’ हे तुमच्या एफओबी सौद्याशी जुळतं. पण एफओबीमध्ये माल निंगबोला जहाजावर चढला की पुढची जोखीम तुमची. विमा पुरवठादाराने काढलेला नसतो. तुम्ही काढला आहे का? कागदांत तो कुठेच दिसत नाही. काढला असेल तर त्याची प्रत पाठवा, कस्टमच्या मूल्यातही लागेल.

आणि मूळ प्रती. फोटोवर किंवा प्रिंटवर माल सुटत नाही. एक तर मूळ बीएल कुरिअरने हातात यायला हवा, नाही तर पुरवठादाराने तो तिकडेच जमा करून ‘सरेंडर्ड’ शिक्का मारून घ्यायला हवा. तुमची सगळी रक्कम गेली आहे, तेव्हा सरेंडर मागायला हरकत नाही. शिक्का मारला आहे का ते मला कळत नाही, कारण फोटो 2 मध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यावर तुमचा अंगठा आला आहे. कागद टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असा पुन्हा काढा.

पॅकिंग लिस्ट (फोटो 3)

रकाने असे: पेटी क्रमांक, वस्तू, निव्वळ वजन (नुसतं यंत्र), एकूण वजन (यंत्र अधिक पेटी), लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये. गाडी आणि क्रेन ठरवताना फक्त एकूण वजन बघायचं. निव्वळ वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून गाडी बोलावली की घोटाळा होतो.

पेटी 1: उभं पाउच यंत्र. निव्वळ 620, एकूण 742 किलो. 176 × 138 × 202.
हाताळणी: ‘ही बाजू वर. आडवी करू नये. वर काहीही ठेवू नये. गुरुत्वमध्य खुणेप्रमाणे. फोर्क फक्त खुणेच्या बाजूने घालावा.’

काका, याच पेटीची मला काळजी आहे. कंट्रोल पॅनल एका बाजूला असल्यामुळे जड भाग मध्यावर नाही. पेटीवर वर्तुळात फुली अशी खूण असेल, तिथे खरा भार आहे. फोर्कलिफ्टवाल्याने नेहमीसारखे पेटीच्या मधोमध फोर्क घातले तर ती एका अंगाला झुकणार. फुली बघा, मग उचला. क्रेनने उचलायची असेल तर साखळीचं चित्र जिथे आहे तिथूनच बेल्ट घ्यायचे. पेटीला ‘टिल्ट इंडिकेटर’चं स्टिकर लावल्याचंही लिस्टमध्ये लिहिलं आहे. सीएफएसमधून माल ताब्यात घेताना त्याची खिडकी लाल झालेली दिसली, तर सही करण्याआधी फोटो काढा आणि पावतीवर तसा शेरा लिहून घ्या. कोऱ्या पावतीवर सही झाली की विमावाल्याशी भांडायला काही उरत नाही.

पेटी 2: दहा तोंडांचं वजन यंत्र. निव्वळ 380, एकूण 463 किलो. 172 × 116 × 118.
हाताळणी: ‘नाजूक. आदळू नये. वर काहीही ठेवू नये. लाल ब्रॅकेट वीज जोडण्यापूर्वी काढावेत.’

लाल ब्रॅकेट म्हणजे प्रवासात लोड सेलना धक्का बसू नये म्हणून लावलेले आधार. गाळ्यावर यंत्र जागेवर बसेपर्यंत ते काढू नका, आणि बसल्यावर ते काढल्याशिवाय स्विच लावू नका. लोड सेल बिघडला तर दहा ग्रॅमचा चिवडा बारा ग्रॅम भरेल आणि कळायला महिना जाईल.

पेटी 3: झेड आकाराचा कन्व्हेयर. निव्वळ 310, एकूण 388 किलो. 258 × 104 × 112.
हाताळणी: ‘हुक लावू नये. कोरडे ठेवावे.’ माथाड्यांना आधीच सांगून ठेवा, हुक लावून ओढली तर प्लायवूड फाटतं.

पेटी 4: कामाचा मंच, सुटा केलेला. निव्वळ 265, एकूण 309 किलो. 212 × 112 × 58.
हाताळणी: एकावर एक जास्तीत जास्त 2. पाचांतली सगळ्यात निर्धास्त पेटी ही.

पेटी 5: सुटे भाग (हीटर, कटर, सीलिंगचे जबडे) आणि हत्यारं. निव्वळ 41, एकूण 56 किलो. 78 × 58 × 54.
हाताळणी: ‘कोरडे ठेवावे.’ ही हरवण्याची भीती जास्त, म्हणून पहिली मोजून घ्या.

बेरीज: निव्वळ 1,616 किलो, एकूण 1,958 किलो, 11.886 घनमीटर.

तळाची टीप: ‘पेट्या प्लायवूडच्या असून खालचे ठोकळे आयएसपीएम 15 नुसार उष्णता-प्रक्रिया केलेले आहेत.’ प्लायवूडला या नियमातून सूट आहे, अख्ख्या लाकडाच्या ठोकळ्यांना नाही. त्यांच्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, चीनचा कोड आणि उष्णता-प्रक्रियेची खूण असा शिक्का लागतो. लिहून दिलं म्हणजे शिक्का आहे असं होत नाही. पाचही पेट्यांच्या शिक्क्यांचे फोटो मागवा.

आता गाडीचं. छोट्या हत्तीत हे बसणार नाही, दोन फेऱ्यांतही नाही, कारण पेटी 1 एकटीच त्याची हद्द गाठते आणि पेटी 3 अडीच मीटरहून लांब आहे. उघड्या हौद्याची मोठी गाडी सांगा. जुलै आहे, उरणहून येताना पावसाचा भरवसा नाही, तेव्हा धड ताडपत्री हवी. आणि संतोषदादांना आजच शटरची उंची मोजायला सांगा. पेटीच 202 सेंटिमीटर, त्यात फोर्कवर उचलली की आणखी वीतभर वाढणार. शटर अडलं तर पेटी आडवी करण्याचा मोह होईल, आणि नेमकं तेच करायचं नाही.

कस्टमसाठी बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000. बीएलवर सगळा माल कस्टमच्या 8422 या शीर्षकाखाली दाखवला आहे, पण वजन यंत्रांना 8423 आणि कन्व्हेयरना 8428 अशी स्वतंत्र शीर्षकं आहेत. संच म्हणून एकत्र दाखवायचं की वेगळं, हे आमचे साहेब कॅटलॉग बघून ठरवतील. कॅटलॉग पाठवा, सगळी यंत्रं जोडलेला फोटो त्यात असेल असाच.

पुरवठादाराला आणि फॉरवर्डरला पाठवायची इंग्रजी ईमेल मी लिहून तुमच्या मेलवर टाकली आहे. त्यात तीनच मागण्या आहेत: 1,598 चं 1,958 करून बीएलचा नवा मसुदा, सरेंडर, आणि शिक्क्यांचे फोटो. तिकडचं ऑफिस आपल्या दुपारी अडीच-तीनला बंद होतं, त्याच्या आत पाठवा. मसुदा आला की छापायच्या आधी मला दाखवा, आकडे मी पुन्हा लावून बघते.

मृणाल