मृण्मयी, तुझी तीन पानं: पक्षी, पत्र, घर

मृण्मयी,

तुझा प्रश्न मी तुझ्याच शब्दांत वहीत लिहून ठेवला होता: "सौरभच्या पुण्याच्या बदलीचं काय होणार, आणि तो स्वतःहून फोन करेल का?" तोच समोर ठेवून काल रात्री लेनोरमांडची पानं पिसली आणि तीन काढली. डावीकडून उजवीकडे पक्षी, पत्र, घर अशी आली.

तू वाट बघून थकली आहेस, म्हणून आधी उत्तर सांगते आणि कारणं मग. फोन येईल असंच पानं म्हणतायत. पण त्याआधी काहीतरी लेखी येईल. आणि फोनवर बदलीपेक्षा लग्नानंतर तुम्ही दोघं राहणार कुठे, यावरच जास्त बोलणं होईल.

मागे तू टॅरो बघून घेतलं होतंस, म्हणून एक फरक सांगते. इथे एकेका पानात मोठी गोष्ट शोधायची नसते. ही ३६ पानं मुळात 'आशेचा खेळ' म्हणून १८०० च्या आसपास जर्मनीत न्यूरेंबर्गला निघाली. फासे टाकून सोंगट्या पुढे न्यायचा घरगुती खेळ होता तो. पॅरिसच्या प्रसिद्ध भविष्यवेत्त्या मादमोआझेल लेनोरमांड १८४३ मध्ये गेल्या आणि त्यानंतर त्यांचं नाव या पानांना चिकटलं. चित्रं अगदी रोजची आहेत: घर, झाड, कुत्रा, किल्ली. अर्थ लागतो तो शेजारच्या पानाला धरून. पहिलं पान विषय सांगतं, दुसरं त्याला वळण देतं, तिसरं तो कुठे जाऊन थांबतो ते दाखवतं. पान उलटं पडलं तर मी ते सरळच वाचते.

आता पक्षी, बारावं पान. माझ्या संचात दोन पक्षी एकाच फांदीवर बसलेत, पण माना दोन दिशांना वळवून. बोलणं, फोन, कुजबुज, जीव वरखाली होणं, आणि जोडी, हे सगळं या पानात येतं. काही जुन्या संचांत इथे घुबडं असतात. तुला तसा फोटो कुठे दिसला तर धसकू नकोस, ते अपशकुनाचं पान नाही. त्याचा त्रास एवढाच की बोलणं भरपूर होतं आणि मुद्दा मात्र जागेवर येत नाही. रविवारपासून तुमचं जे चाललंय ते मला इथे दिसतं: "जेवलीस का", "हो", "बिझी आहे, नंतर बोलू". तू त्याला अबोला म्हणालीस. अबोल्याचं पान मी याला म्हणणार नाही. याच्यात घालमेल आहे आणि ती दोघांचीही आहे, कारण चित्रात पक्षी दोन आहेत. तू रात्री त्याचं लास्ट सीन बघत बसतेस, तसा तोही तुला लिहायला घेऊन पुसत असेल, असं मी धरते.

मधलं पान पत्र, सत्तावीस नंबरचं. तिघांत मधलं पान सगळ्यात वजनदार, म्हणून त्यावर मी सर्वात जास्त वेळ दिला. लाखेचा शिक्का असलेला बंद लिफाफा आहे. हे पान मुळात तटस्थ. बातमी चांगली की वाईट, ते स्वतः सांगत नाही, फक्त 'लेखी आहे' एवढं सांगतं. आजच्या काळात मेल, मेसेज, ऑफिसचं पत्र, करार, काहीही. शिक्का अजून फुटलेला नाही, त्यावरून मी असं म्हणेन की बातमी तयार झालेली असली तरी ती अजून कुणाच्या हातात पडलेली नाही. कदाचित सौरभच्याही नाही. तो सांगत नाहीये असं तुला वाटतंय, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं पक्कं काही अजून आलंच नसेल, ही शक्यता मला जास्त वाटते. तू सांगितलंस ना, तो अर्धवट गोष्ट कधी सांगत नाही. त्याच्या स्वभावाशीही हे जुळतं.

पक्षी आणि पत्र एकत्र वाचले की बोलणं कागदापाशी येऊन थांबतं. म्हणून मी क्रम असा लावते: आधी मेल किंवा लांबलचक मेसेज, आणि मग त्यावर बोलायला फोन. पत्र आधी आणि पक्षी नंतर आले असते, तर एका मेसेजवरून गावभर चर्चा होईल असं सांगावं लागलं असतं. तसं आलेलं नाही, हे बरं झालं.

शेवटचं पान घर, चौथं. ओळ घरावर संपते याचा मला खरंच आनंद झाला. पक्षी शेवटी आले असते तर हे असंच आणखी काही आठवडे चालेल असं लिहावं लागलं असतं. घर म्हणजे कुटुंब, राहतं ठिकाण, सुरक्षितता, जे हलत नाही ते.

पण इथेच एक पेच आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. घर हलत नाही, आणि तू विचारलंस बदलीबद्दल. म्हणजे याचा एक अर्थ 'आहे तिथेच राहणं' असाही निघतो, म्हणजे सौरभ बंगळुरातच. दुसरा अर्थ घराकडे वळणारं पत्र, म्हणजे पुणे, आणि तिथून नाशिक जवळ. मी बराच वेळ यावर थांबले. पत्र आणि घर या जोडीत मला तिसरीच गोष्ट सर्वात ठळक वाटते: घरून काम करण्याची परवानगी, किंवा महिन्यातले काही दिवस ऑफिस आणि बाकी घरून. पूर्ण बदलीचं पत्र येईलच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बातमी तुमच्या संसाराच्या सोयीची असेल, हे मात्र म्हणेन. पत्राचा सूर शेजारच्या पानावरून ठरतो, आणि ते पान इथे घर आहे. त्याहून चांगला शेजार या ओळीत मी मागितला नसता.

या पानांवर कोपऱ्यात पत्त्यांची पानंही असतात. पक्ष्यांवर चौकटची सत्ती, पत्रावर इस्पिकची सत्ती, घरावर बदामचा राजा. बदामचा राजा मी घरातला मायाळू, वडीलधारा पुरुष असा वाचते. तू त्याच्या बाबांबद्दल एकच वाक्य लिहिलं होतंस, की त्यांना वाटतं मुलाने बंगळूर सोडू नये. सौरभच्या गप्प राहण्यात त्या घरातल्या बोलण्याचा वाटा मोठा आहे. पक्षी आणि घर ही ओळीची दोन टोकं एकमेकांसमोर ठेवून वाचली की तेच दिसतं: त्याच्या घरात चर्चा चालू आहे. ती तुझ्याविरुद्ध आहे असं कुठलंही पान सांगत नाही. बदामचा राजा कठोर माणूस नसतो. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं तर ते वाट अडवणार नाहीत.

आता आकडे. बारा, सत्तावीस आणि चार मिळून त्रेचाळीस. पानं छत्तीसच, म्हणून छत्तीस वजा केले की सात. सातवं पान साप. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल हे मला माहीत आहे, आणि इंटरनेटवर शोधलंस तर पहिल्याच ओळीत 'दुसरी बाई' दिसेल. मी तसं वाचत नाही. साप इथे काढलेलं पान नाही, बेरजेतून आलेला फक्त अंतःस्वर आहे. तो ओळीचा अर्थ उलटवत नाही, तिची चाल सांगतो. साप सरळ जात नाही, वळणं घेतो. म्हणजे बातमी येईल ती वेड्यावाकड्या वाटेने: एचआरने आणखी एक कागद मागितला, मॅनेजर रजेवर, अमुकची सही राहिली, असं काहीतरी. फार तर घरातली एखादी अनुभवी बाई, आत्या किंवा मावशी, मध्ये पडून गोष्ट पुढे सरकवेल. सौरभच्या निष्ठेवर या तीन पानांत शंका घ्यायला मला जागा दिसली नाही.

आणि तू विचारशीलच म्हणून: हृदयाचं पान आलं नाही, अंगठीचं आलं नाही, मग काय? काही नाही. छत्तीसातली तीनच पानं काढली की तेहतीस बाहेरच राहतात. न आलेल्या पानांवरून निष्कर्ष काढू नकोस.

तारीख तू मागितली आहेस. तारीख मी देत नाही, कारण तीन पानांची ओळ तेवढं नेमकं सांगत नाही आणि दिलेल्या तारखेला तू फोन हातात धरून बसशील. वेळेचा एवढाच अंदाज देते: घराचं पान आहे, म्हणून तो ऑफिसमधून घाईत करणार नाही. घरी पोचून निवांत बसल्यावर, संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी करेल. पक्षी दोन आहेत, म्हणून एका फोनमध्ये सगळं आटपणार नाही. पहिला थोडका असेल आणि खरं बोलणं दुसऱ्यात होईल. पहिल्यातच सगळं काढायला जाऊ नकोस.

तोवर काय करायचं? "तू फोन का करत नाहीस" असं पुन्हा लिहू नकोस, त्याने पक्ष्यांची चिवचिव तेवढी वाढेल. मधलं पान पत्र आहे, तर तूच चार ओळी नीट लिहून पाठव. साधंसं, असं काहीतरी: "बदलीचं जे व्हायचं ते होऊ दे. बाबांना काय वाटतं ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. वेळ मिळेल तेव्हा निवांत फोन कर, मी वाट बघते." एकदाच पाठव आणि मग त्याला वेळ दे. निळ्या टिका दिसल्या आणि लगेच उत्तर आलं नाही तरी दुसरा मेसेज नको. पाठवल्यावर आईशी बोल. सध्या तिला तू काहीच सांगितलेलं नाहीस, आणि घराच्या पानात तुझंही घर येतं.

फोन आला आणि राहायच्या जागेचा विषय निघाला, तर तुला काय हवंय ते आधी ठरवून ठेव. पुण्यात भाड्याने राहायची तयारी आहे का, काही महिने तू बंगळुरात जाशील का, नाशिकची नोकरी सोडायची की नाही? या प्रश्नांची उत्तरं पानांकडे नाहीत, तुझ्याकडे आहेत. तो विचारेल तेव्हा "तू म्हणशील तसं" असं म्हणू नकोस गं.

याच प्रश्नावर आता पुन्हा पानं काढायची नाहीत, माझ्याकडूनही नाही आणि दुसऱ्या कुणाकडूनही नाही. लेखी काही हातात आलं की मला कळव, मेल असो वा मेसेज, आणि त्यात काय आहे ते नीट सांग. मग 'कुठे राहावं' एवढ्याच प्रश्नावर पाच पानांची ओळ मांडू.

तुझी,
ताई