नाही म्हणायची सोय

लग्नाच्या बैठकीत दोन कागद होतात. एक फुलस्केपवर, वर ‘श्री गणेश प्रसन्न’, कोपऱ्यांना हळदीकुंकू. त्यात लग्न कुणाच्या दारात, बस्ता कुणाचा, मानाच्या साड्या किती, संसारोपयोगी भांडी कोणती हे सगळं येतं आणि खाली दोन्हीकडच्या पाच-सहा जणांच्या सह्या होतात. दुसरा कागद म्हणजे मध्यस्थाच्या खिशातल्या डायरीचं एक पान. त्यावर हुंड्याचा आकडा असतो, सही कुणाचीच नसते.

गेल्या उन्हाळ्यात सेलू तालुक्यातल्या एका बैठकीत मुलीकडचा म्हणून मी बसलो होतो. मुलीचा बाप माझा शाळासोबती, चार एकर कोरडवाहू. मुलगा ग्रामसेवक. चहा-पोहे झाल्यावर मुलाचे चुलते म्हणाले, “पाहुणे, आमचं काहीच मागणं नाही. मुलगी पसंत आहे. तुमच्या इज्जतीला शोभेल तेवढं करा म्हणजे झालं.” मग मध्यस्थाने मुलीच्या बापाला ‘जरा इकडं या’ म्हणत गोठ्याकडे नेलं. दहा मिनिटांनी दोघे परतले तेव्हा आठ लाख आणि पाच तोळे ठरले होते. त्या चार एकरांत एकरी सात क्विंटल सोयाबीन आणि क्विंटलला चार हजार धरले, तर वर्षाला एक लाख बारा हजार होतात, तेही बी-खत-फवारणी-मजुरी वजा न करता. म्हणजे सात वर्षांचं सगळं पीक, आणि सोनं त्याच्यावर. रात्री मी विषय काढला तर तो म्हणाला, “कुणी जबरदस्ती केली नाही रे. मी माझ्या खुशीनं देतोय.”

तो खोटं बोलत नव्हता. घोळ तिथेच आहे.

हुंड्याविषयी आपण बहुधा क्रूरतेच्या अंगाने बोलतो: छळ, जाळलेल्या सुना, विहिरीत सापडलेल्या लेकी. देशात दरवर्षी हुंडाबळीचे सहा हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले जातात, तेव्हा ते बोलणं चूक नाही. पण त्यामुळे एक सोयीस्कर गैरसमज होतो की जिथे छळ नाही तिथे हुंडाही निर्धोक. पैसे दिले, घेतले, मुलगी सुखाने नांदते आहे, मग बिघडलं काय? माझं म्हणणं असं की छळ पुढे होवो वा न होवो, अन्याय बैठकीतच झालेला असतो, आणि त्यावर ‘संमती’चा शिक्का मारलेला असल्यामुळे तो दिसत नाही.

संमती खरी कधी धरायची? होकार आला म्हणून नव्हे. नकार दिला असता तर काय झालं असतं, हे बघून. माझ्या मित्राने गोठ्यापाशी ‘नाही’ म्हटलं असतं, तर मुलाकडचे उठून पुढच्या गावात दुसरी मुलगी बघायला गेले असते; त्यांचं पेट्रोल तेवढं वाया गेलं असतं. इकडे मुलीचं ‘जमता जमता मोडलं’ हे आठ दिवसांत सगळ्या सोयऱ्यांत पसरलं असतं. का मोडलं हे कुणी विचारत नाही, मुलीत काहीतरी असेल एवढंच धरलं जातं. पुढच्या स्थळाला ती सहा महिन्यांनी मोठी असते आणि बोली चढलेली असते. म्हणजे एकाला नकार फुकट आणि दुसऱ्याला महाग, त्यातही त्याची किंमत मोजणार तिसरीच, जी त्या वेळी माजघरात बसलेली असते. मागणी साखरपुड्यानंतर किंवा पत्रिका छापून झाल्यावर वाढते, ती का, हेही यातून कळतं. जसजशी तारीख जवळ येते तसतसा नकार महागतो, हे मध्यस्थाला कुठल्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा चांगलं माहीत असतं.

आणि तिची संमती? तिला विचारलं होतं, ‘मुलगा पसंत आहे का?’ ती हो म्हणाली. ‘तुझ्यापायी बापाने सात वर्षांचं पीक द्यावं का?’ असं तिला कुणी विचारलं नाही. व्यवहार दोन पुरुषांत झाला आणि त्याचं ओझं मात्र तिच्या मनावर. ते ओझं काय असतं हे २०१७ च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने लिहून ठेवलं. नापिकी, वडिलांची हलाखी, देण्याघेण्याची रूढी हे सगळं चिठ्ठीत मांडून, बापाचा भार कमी व्हावा म्हणून तिने विहीर जवळ केली. तिला सासरच्या कुणी छळलं नव्हतं. तिला सासर अजून मिळालेलंच नव्हतं.

कायदा या प्रश्नापाशी येऊन अडखळतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी लग्नाच्या संदर्भात, लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर केव्हाही दिलेल्या किंवा कबूल केलेल्या मालमत्तेला हुंडा म्हटलं. घेणाऱ्याला किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, आणि देणाऱ्यालाही. पण मागणी न होता दिलेल्या भेटी मात्र चालतात. अट एवढीच की त्यांची यादी करावी, आणि वधूपक्षाकडून जे जाईल ते रीतीप्रमाणे व देणाऱ्याच्या ऐपतीला झेपेल इतकंच असावं. १९८५ च्या नियमांनी तर यादी कशी करायची तेही सांगितलं: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, कुणी दिली, त्याचं नातं, आणि सही. अशी यादी केलेलं एकही लग्न मी पाहिलेलं नाही. कायद्याला हवी ती यादी कुणी करत नाही आणि लोक करतात त्या यादीत आकडा नसतो. ‘मागणी न होता’ हे शब्द मग ‘आमचं काहीच मागणं नाही’ या वाक्यापुढे हतबल होतात. कारण मागणी गोठ्यापाशी झालेली असते.

‘आम्ही हौसेने देतो, लेकीला रिकाम्या हाताने कशी पाठवायची?’ हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आईने बांगड्या काढून लेकीच्या हातात घातल्या तर त्यात कसला गुन्हा? पण मग ते लेकीपाशी राहतं का ते बघावं. कायद्याचं सहावं कलम सांगतं की हुंडा कुणाच्याही हातात पडला तरी तो त्या बाईच्या हितासाठी आहे आणि तीन महिन्यांत तिच्याकडे गेला पाहिजे. प्रत्यक्षात दागिने सासूच्या कपाटात आणि रोकड दिराच्या दुकानात किंवा नणंदेच्या हुंड्यात जाते. हौस लेकीची असती तर वाटाघाटी व्याह्याशी कशाला झाल्या असत्या?

याहून चलाख आक्षेप म्हणजे ‘हुंडा हा तिचा वाटाच आहे.’ महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये. आता हा वाटा व्यवहारात कसा उतरतो ते बघा. लग्नाला चार-पाच वर्षं झाली की दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला भाऊ मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेतो. निबंधकाच्या कचेरीत अंगठा-फोटो होतो, हक्कसोडपत्र नोंदतं, परत येताना बसस्टँडवर चहा-भजी आणि एक साडी. ‘तुझ्या लग्नात खर्च केला ना ताई.’ तीही सही करते, कारण माहेर तुटलं तर अडीअडचणीला जायचं कुठे? पुन्हा तीच ‘खुशी’. हुंड्यावर तिचा ताबा नाही आणि जमिनीवरचा हक्क हुंड्याच्या नावाने सुटला. एकच वाटा तिच्या हातून दोनदा गेला.

परंपरेचं म्हणाल, तर याच महाराष्ट्रातल्या कितीतरी कष्टकरी जातींत एकेकाळी मुलीच्या बापाला देज मिळायचं. शेतात राबणारे दोन हात घरातून जातात म्हणून. पैशाची दिशा दोन-तीन पिढ्यांत उलटली, आणि उलटताना ‘मुलाकडचे’ असण्याला मान चिकटला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. मुली कमी झाल्या की हुंडा आपोआप पडेल, असं कागदावर वाटतं. शेती करणाऱ्या पोरांच्या बाबतीत काही अंशी तसं झालंही. त्यांना मुलीच मिळत नाहीत. नोकरदाराचा भाव मात्र टिकून आहे, कारण टंचाई मुलाची नाही, महिन्याच्या एक तारखेला येणाऱ्या पगाराची आहे.

दबाव नेमका कुणाचा, असं विचारलं तर कुणीच सापडत नाही. मुलाचा बाप म्हणतो, पोरीच्या लग्नात मी दिलं, ते कुठून भरून काढू? आई म्हणते, धाकट्या जावेच्या सुनेने एवढं आणलं. मध्यस्थ म्हणतो, मी फक्त शब्द टाकला. प्रत्येकाचं वाक्य खरं आहे, म्हणून तर साखळी तुटत नाही. तरी सगळे सारखेच अडकलेत, असं म्हणून सगळ्यांना सोडून द्यायला मी तयार नाही. अडकलेल्यांतही प्रत्येकाला सुटायला वेगवेगळा खर्च येतो.

सगळ्यात कमी खर्च नवरदेवाला येतो. तो ‘नाही’ म्हणाला तर घरात आठ दिवस धुसफूस होईल, आई जेवणार नाही, चुलते टोमणे मारतील. पुढे सगळं सुरळीत. त्याचं स्थळ मोडत नाही, वय निघून जात नाही. तरीही बैठकीत तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो आणि नंतर म्हणतो, ‘ते मोठ्यांनी ठरवलं.’ हे मौन तटस्थ नसतं. त्या आकड्यामागचं तारण तोच असतो. तो उठून गेला तर आकड्याला अर्थ उरत नाही. सरकारी नोकरीत असेल तर वर्तणूक नियमांनीही त्याला हुंडा घ्यायला बंदी केलेली आहे, आणि साहेबही मांडवात फेटा बांधून बसलेले असतात.

लग्नानंतरच्या मागण्यांबाबत न्यायालयांनाही वाट हळूहळू सापडली. खतासाठी आणि घरखर्चासाठी माहेरून पैसे मागणं म्हणजे हुंडा नव्हे, असं २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलं आणि शिक्षा रद्द केली. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या खटल्यात त्याच न्यायालयाने घर बांधायला मागितलेले पैसेही हुंड्यातच धरले. त्या खटल्यातल्या सुनेने स्वतःच माहेरी पैसे मागितले होते, म्हणजे ते तिच्या मर्जीने, हा बचाव तिथे टिकला नाही. सासरी छळ होत असताना तिने तोंड उघडलं, याला मर्जी म्हणत नाहीत. हेच परिमाण बैठकीतल्या बापाला कधी लावणार?

कायद्यात देणारा गुन्हेगार ठरत असल्याने बाप तक्रारीला घाबरतो. मात्र पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच या कायद्याखाली खटला चालवता येत नाही, हे सातवं कलम त्याला कुणी वाचून दाखवत नाही. आणि जिथे खरंच हौसेने द्यायचंय, तिथे १९८५ ची ती यादी करायला तास-दीड तास पुरतो. मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहावी, सोन्याच्या पावत्या तिच्या नावाने घ्याव्यात, रक्कम तिच्या खात्यात जावी, आणि सहीसाठी कागद व्याह्यांपुढे सगळ्या पाहुण्यांदेखत ठेवावा.