शीर्षकातला ‘ऱ’ दोन कळांनी टाइप झाला असेल, तर नोंद सर्चमध्ये सापडत नाही

मॉड्यूल: नोंदी, वरची सर्चची चौकट
बिल्ड: `2.4.1`, टेस्ट सर्व्हर
कुठे पाहिलं: विंडोज ११ वर क्रोम १२६ आणि फायरफॉक्स १२७, अँड्रॉइड १४ वर क्रोम
गंभीरता: मध्यम (नोंद हरवत नाही, पण शोधणाऱ्याला ती नाहीच असं वाटतं)
किती वेळा: क्रोमवर १० पैकी १० वेळा, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडवर प्रत्येकी ५ पैकी ५ वेळा
स्थिती: पुन्हा उघडला

पुन्हा का उघडला

हाच बग मी आधी ‘सर्च चालत नाही’ या नावाने टाकला होता आणि तो ‘रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून बंद झाला. चूक माझी होती. पायऱ्यांमध्ये मी ‘तिसऱ्या असं टाइप करा’ एवढंच लिहिलं होतं. तपासणाऱ्याने नोंद आणि सर्च दोन्हीकडे एकाच कीबोर्डवर, एकाच पद्धतीने टाइप केलं, त्यामुळे नोंद सापडली. सापडणारच. ते तिकीट कृपया विसरून हेच वाचावं.

थोडक्यात

‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एक अख्खं अक्षर (U+0931), किंवा ‘र’ (U+0930) आणि त्यापुढे नुक्ता (U+093C). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. नोंद एका प्रकारे लिहिलेली आणि सर्च दुसऱ्या प्रकारे केला, की निकाल शून्य. फाइलमधून ४२ नोंदी आयात करताना हे लक्षात आलं. यादीत ४२ च्या ४२ दिसत होत्या, पण त्यातल्या तीन सर्चमध्ये येत नव्हत्या आणि तिन्हींच्या शीर्षकात ‘ऱ’ होता.

सुरू करण्यापूर्वी

टेस्ट खात्याने लॉगिन केलेलं असावं आणि विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडलेला असावा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून `J` दाबलं की अख्खा ‘ऱ’ येतो. नुसतं `j` आणि मग `]` दाबलं की ‘र’ आणि नुक्ता येतो.

इनस्क्रिप्ट नसेल तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पुढची ओळ चालवावी. दुसऱ्या प्रकारचा शब्द क्लिपबोर्डवर येतो:

```js
copy("तिस\u0930\u093C\u094Dया")
```

या तिकिटातून शब्द थेट कॉपी करू नये. वाटेत एखाद्या चौकटीने तो बदलला तर पुन्हा ‘रिप्रोड्यूस होत नाही’ हेच होईल.

पायऱ्या

१. ‘नवी नोंद’वर क्लिक करा.
२. शीर्षकाच्या चौकटीत `lfmj]d/e` या कळा क्रमाने दाबा (किंवा वर कॉपी केलेला शब्द पेस्ट करा). ‘तिसऱ्या’ दिसेल. पुढे एक जागा सोडून ‘बैठकीचे मुद्दे’ लिहा.
३. ‘जतन करा’वर क्लिक करा. नोंद यादीत सगळ्यात वर आली आहे ना, ते पाहा.
४. सर्चच्या चौकटीत `lfmJd/e` या कळा दाबा, म्हणजे या वेळी `J` शिफ्टसह. इथेही ‘तिसऱ्या’च दिसेल.
५. एंटर दाबा.

प्रत्यक्षात काय झालं

‘एकही नोंद सापडली नाही’ असा संदेश येतो. नेटवर्क टॅबमध्ये `/api/notes` ची रिक्वेस्ट `200` देते आणि उत्तरात `[]` येतं. म्हणजे एरर नाही, सर्व्हरला खरोखरच काही सापडलेलं नाही. रिक्वेस्टमध्ये ‘ऱ’च्या जागी `%E0%A4%B1` गेलेलं दिसतं, त्यामुळे ब्राउझर अक्षर बदलत नाही हेही कळलं.

काय व्हायला हवं होतं

‘तिसऱ्या बैठकीचे मुद्दे’ ही नोंद निकालात दिसायला हवी. सर्चच्या रिक्वायरमेंटमध्ये ‘शीर्षकात शब्द असेल तर नोंद दिसली पाहिजे’ असं लिहिलं आहे, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने शब्द तोच आहे. युनिकोडही या दोन रूपांना समतुल्य मानतो.

स्क्रीनशॉट

`01-yadi.png`: पायरी ३ नंतरची यादी, नवीन नोंदीला लाल चौकट.
`02-search-rikama.png`: पायरी ५ नंतरचा रिकामा निकाल. सर्चमधला शब्द आणि संदेश दोन्ही एकाच चित्रात यावेत म्हणून पूर्ण खिडकी घेतली आहे. खात्याचा ईमेल झाकला आहे.
`03-console.png`: दोन्ही शब्दांचे कोड.

पहिली दोन चित्रं शेजारी ठेवली तर बग कुठे आहे ते कळत नाही, शब्द अगदी सारखे दिसतात. पुरावा तिसऱ्या चित्रात आहे. यादीतलं शीर्षक आणि सर्चमधला शब्द कॉपी करून प्रत्येकावर हे चालवलं होतं:

```js
[...shabd].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

```
नोंद:  924 93f 938 930 93c 94d 92f 93e
सर्च:  924 93f 938 931 94d 92f 93e
```

आठ विरुद्ध सात. दोन्हींवर `normalize("NFC")` लावल्यावर ते `===` ने सारखे ठरतात.

आणखी काय तपासलं

दोन्हीकडे अख्खा ‘ऱ’ असेल तर नोंद सापडते. दोन्हीकडे नुक्त्याचा असेल तरीही सापडते. उलट केलं, म्हणजे नोंद अख्ख्या ‘ऱ’ची आणि सर्च नुक्त्याचा, तर सापडत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ या शब्दांवरही हेच झालं. ‘चौथ्या’, ‘बैठकीचे’ अशा ‘ऱ’ नसलेल्या शब्दांना अडचण नाही, त्यामुळे ‘मराठी सर्च बंद आहे’ असं कृपया कुणी समजू नये. फिल्टर आणि क्रमवारी मी तपासलेली नाही.

तात्पुरता उपाय: शीर्षकातला ‘ऱ’ नसलेला शब्द शोधायचा. ‘बैठकीचे’ शोधलं की हीच नोंद लगेच येते.

या तिकिटात न धरलेलं

काही जण ‘तिसऱ्या’ लिहिताना ‘र’, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक (U+200D) वापरतात. तेही तसंच दिसतं आणि तेही सापडत नाही. पण ते युनिकोडच्या हिशेबात समतुल्य नाही आणि NFC लावून जुळत नाही, हे मी कन्सोलमध्ये पाहिलं. त्याचं काय करायचं हा वेगळा निर्णय आहे, म्हणून वेगळं तिकीट टाकलं आहे. दोन्ही एकत्र केली तर एक फिक्स झाल्यावर दुसरं ‘अजून चालत नाही’ म्हणून परत येईल.

उपाय सुचवणं माझं काम नाही, तरी एक शंका लिहून ठेवते: फक्त सर्चचा शब्द NFC करून पाठवला तर वरच्या पायऱ्यांमधली नोंद तरीही सापडणार नाही, कारण आधीच साठवलेलं शीर्षक नुक्त्याच्या रूपात आहे. फिक्सनंतर नवी नोंद करून तपासलं तर हे निसटू शकतं. म्हणून टेस्ट खात्यातली ‘तिसऱ्या बैठकीचे मुद्दे’ ही नोंद मी तशीच ठेवली आहे. कृपया ती उघडून पुन्हा जतन करू नये, फिक्स आल्यावर आधी तिच्यावर आणि मग आयात केलेल्या तीन नोंदींवर तपासेन.