सर्दीला अँटिबायोटिक नको, आणि सुरू केलेले अँटिबायोटिक मनाने थांबवू नका

प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्राम आरोग्य समितीतर्फे गावातील प्रत्येक घरासाठी

पावसाळा सुरू झाला की आपल्या केंद्रात सर्दी-पडसे, घसादुखी आणि अंगात कणकण घेऊन येणाऱ्यांची रांग वाढते, आणि त्यांतील बरेच जण तपासणीआधीच "डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या, कामाचा खाडा परवडत नाही" असे सांगतात. ज्याचे पोट हातावर आहे त्याची ही अडचण खरी आहे. तरीही अशा वेळी अँटिबायोटिक दिले जात नाही. असे का, हे प्रत्येक घराला नीट कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

साधी सर्दी, फ्लू आणि डेंग्यू हे आजार विषाणूंमुळे होतात, तर अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक औषध फक्त जिवाणूंवर चालते. उदाहरणार्थ, अमॉक्सिसिलिन जिवाणूला त्याच्याभोवतीची भिंत नीट बांधू देत नाही आणि त्यामुळे तो मरतो. विषाणूला तशी भिंतच नसते. साधी सर्दी सहसा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते, त्यामुळे चौथ्या दिवशी गोळी घेऊन सहाव्या दिवशी बरे वाटले, तर त्याचे श्रेय गोळीला जात असले तरी ते काम शरीरानेच केलेले असते. शेंबूड किंवा बेडका पिवळा-हिरवा दिसला एवढ्यावरूनही अँटिबायोटिकची गरज ठरत नाही.

"उपयोग नाही, पण तोटा तरी काय?" असे विचारले जाते. तोटा आहे. आपल्या आतड्यात, त्वचेवर आणि घशात असंख्य जिवाणू राहतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगी असतात. विनाकारण घेतलेली गोळी त्यांनाही मारते, म्हणून अनेकांना जुलाब लागतात. त्यातून जे वाचतात ते त्या औषधाला न जुमानणारे असतात, आणि जागा मोकळी झाल्यामुळे त्यांचीच संख्या वाढते. हे जंतू हातांवाटे, पाण्यावाटे घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जाऊ शकतात, म्हणजे गोळी एकाने घ्यायची आणि पुढे न्यूमोनिया किंवा लघवीच्या संसर्गात औषध लागू पडायचे नाही ते दुसऱ्याला, असेही घडते.

उपचार अर्धवट सोडण्याचा धोका क्षयरोगात सर्वांत स्पष्ट दिसतो. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, पण पहिल्या दोन महिन्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते, आणि नेमक्या याच वेळी कामासाठी बाहेरगावी गेल्यामुळे किंवा आता गरज नाही असे वाटल्यामुळे गोळ्या सुटतात. या टप्प्यावर शरीरात मंद गतीने वाढणारे चिवट जंतू शिल्लक असतात. ते पुन्हा वाढतात, त्यांत औषधाला दाद न देणारे असू शकतात, आणि त्या रुग्णाच्या खोकल्यातून घरातल्यांना थेट तसाच क्षयरोग होऊ शकतो. त्याचा उपचार अधिक अवघड असतो. बाहेरगावी जायचे असेल तर आधी आशाताईंना सांगा, तिथल्या सरकारी दवाखान्यातून औषधे सुरू ठेवता येतात आणि ती मोफत असतात.

इतर आजारांत उपचार किती दिवसांचा हे आजारानुसार बदलते. काही वेळा तीन दिवस पुरतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, आणि गोळ्यांनी मळमळ, जुलाब किंवा अंगावर पुरळ आले तर स्वतः निर्णय न घेता लगेच दाखवा. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच, नोबेल पुरस्काराच्या व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला सरावतील असा इशारा दिला होता. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. मेडिकलमध्ये जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्याला लागू पडली म्हणून तीच गोळी मागू नका.

सर्दी झाल्यास विश्रांती घ्या, कोमट पाणी आणि पेज भरपूर प्या, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. तापासाठी पॅरासिटामॉल वयानुसार मात्रा विचारूनच द्या. मात्र धाप लागणे, श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जाणे, तीन दिवसांहून अधिक ताप, गुंगी किंवा पाणीही न पिणे यांपैकी काही दिसले, किंवा दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर घरी थांबू नका. वाहन नसेल तर 108 वर फोन करा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. घरात जुन्या, उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या असतील तर त्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नका, नाल्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नका. पाकिटासह केंद्रातील औषध वाटप खिडकीवर आणून द्या.