दिवाळी अंकाची शेवटची बैठक : तीन वेळा सुचवते आहे, शुक्रवार १६ ऑक्टोबरपर्यंत क, ख, ग कळवा

प्रिय अनघाताई, वैशालीताई, सुहासराव, मंदार, केतकी आणि प्रसाद,

सप्रेम नमस्कार.

अंकाची सगळी पानं प्रसादकडे लागून झाली आहेत. गुरुवारी, २२ ऑक्टोबरला, पूर्ण अंकाचं प्रूफ तुमच्या हाती येईल. त्यानंतर एकदाच, एक तासासाठी, आपण सगळ्यांनी बोलायला हवं. मुखपृष्ठ दोनपैकी कोणतं, दोन लांब कथांमधली कोणती कापायची आणि कवितांचा क्रम काय, एवढंच ठरवायचं आहे. सोमवारी, २ नोव्हेंबरला, पानं अंतिम होतील आणि धनत्रयोदशीला, शुक्रवारी ६ नोव्हेंबरला, ई-अंक वाचकांसाठी खुला होईल.

वेळा वाचण्याआधी एक विनंती. आधीच्या बैठकांचा हिशोब डोक्यात असेल तर तो कृपया बाजूला ठेवा. मेलबर्नची घड्याळं ४ ऑक्टोबरलाच एक तास पुढे गेली आहेत. लंडनची २५ ऑक्टोबरच्या पहाटे एक तास मागे येतील आणि अमेरिकेची त्यानंतर आठवड्याने, १ नोव्हेंबरच्या पहाटे. पुणे आणि दुबई आहेत तिथेच राहतात. म्हणजे पुणे आणि लंडन यांच्यातलं अंतर २४ तारखेपर्यंत साडेचार तासांचं आणि २५ पासून साडेपाच तासांचं. मधल्या त्या एका आठवड्यात लंडन आणि न्यूजर्सी यांच्यातही नेहमीच्या पाचऐवजी चारच तास असतात. मंदार आणि सुहासराव, तुम्ही एकमेकांशी फोनवर वेळ ठरवता, म्हणून हे मुद्दाम सांगते.

खाली प्रत्येक गावची वेळ, वार आणि तारीख त्या दिवशीच्या घड्याळाप्रमाणे लिहिली आहे. तुम्ही फक्त आपल्या गावची ओळ वाचा. कुठलीही बेरीज-वजाबाकी करू नका.

वेळ क (यूटीसी : शनिवार २४ ऑक्टोबर, १२:३०)
सॅन होजे : शनिवार २४ ऑक्टोबर, पहाटे ५:३०
न्यूजर्सी : शनिवार २४ ऑक्टोबर, सकाळी ८:३०
लंडन : शनिवार २४ ऑक्टोबर, दुपारी १:३०
दुबई : शनिवार २४ ऑक्टोबर, दुपारी ४:३०
पुणे : शनिवार २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००
मेलबर्न : शनिवार २४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

वेळ ख (यूटीसी : शनिवार ३१ ऑक्टोबर, ०२:३०)
सॅन होजे : शुक्रवार ३० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०
न्यूजर्सी : शुक्रवार ३० ऑक्टोबर, रात्री १०:३०
लंडन : शनिवार ३१ ऑक्टोबर, पहाटे २:३० (मंदारला सूट)
दुबई : शनिवार ३१ ऑक्टोबर, सकाळी ६:३०
पुणे : शनिवार ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:००
मेलबर्न : शनिवार ३१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

वेळ ग (यूटीसी : शनिवार ३१ ऑक्टोबर, १४:००)
सॅन होजे : शनिवार ३१ ऑक्टोबर, सकाळी ७:००
न्यूजर्सी : शनिवार ३१ ऑक्टोबर, सकाळी १०:००
लंडन : शनिवार ३१ ऑक्टोबर, दुपारी २:००
दुबई : शनिवार ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००
पुणे : शनिवार ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०
मेलबर्न : रविवार १ नोव्हेंबर, मध्यरात्रीनंतर १:०० (वैशालीताईंना सूट)

सुहासराव, केतकी, तुम्हाला ‘ख’ शुक्रवारी रात्री आहे, शनिवारी नाही. आम्ही इकडे शनिवार म्हणत राहू, तुम्ही मात्र शुक्रवारच धरा.

सहाही गावांना सोयीची अशी एकही वेळ नाही. मी खूप शोधली. सॅन होजेची सकाळ उजाडेपर्यंत मेलबर्नमध्ये मध्यरात्र उलटलेली असते, आणि या दोघींची सोय बघावी तर लंडन गाढ झोपेत. ‘क’ला सगळे येऊ शकतात, पण केतकीला पहाटे उठावं लागेल आणि वैशालीताईंना मध्यरात्र उलटेपर्यंत जागावं लागेल. ऑगस्टच्या आणि सप्टेंबरच्या बैठकीला याच दोघींनी त्रास सोसला होता. तिसऱ्यांदा त्यांच्याकडेच मागायला माझं मन घेत नाही. म्हणून माझी स्वतःची पसंती ‘ख’ला आहे.

‘ख’ ठरली तर मंदारने रात्री अजिबात जागायचं नाही. त्याच्याशी मी आदल्या दिवशी, शुक्रवारी ३० ऑक्टोबरला, लंडनच्या दुपारी १ वाजता (पुण्याच्या संध्याकाळी ६:३० ला) वेगळं बोलेन. कवितांचा विभाग त्याचाच आहे, तेव्हा कवितांचा क्रम त्या फोनवर ठरेल आणि बैठकीत तो बदलला जाणार नाही. ‘ग’ ठरली तर असंच वैशालीताईंशी शनिवारी ३१ तारखेला, मेलबर्नच्या दुपारी २ वाजता (पुण्याच्या सकाळी ८:३० ला) बोलेन. कथांबद्दल त्यांचं जे मत असेल ते मी त्यांच्याच शब्दांत सगळ्यांपुढे वाचून दाखवेन. जो बैठकीला नाही त्याच्या गैरहजेरीत त्याचा विभाग कापला गेला, असं या अंकात होऊ द्यायचं नाही.

रविवार २५ ऑक्टोबर कोजागरीमुळे सोडला आहे. शिवाय लंडनची घड्याळं त्याच पहाटे बदलतात. रविवार १ नोव्हेंबरही टाळला, कारण त्या दिवशी पुण्याची संध्याकाळ अमेरिकेत आणखी एक तास लवकर पडते. पुण्यातले सहा म्हणजे सॅन होजेत पहाटेचे साडेचार. मधल्या वारी सगळ्यांची ऑफिसं आहेत.

उत्तरात वेळ लिहू नका, तीन अक्षरंच लिहा. प्रत्येकापुढे ‘जमेल’, ‘ओढूनताणून’ किंवा ‘नाही’. उदाहरणार्थ : क नाही, ख जमेल, ग ओढूनताणून. ‘मला संध्याकाळी सात चालेल’ असं आलं की कुणाचे सात, हे विचारण्यातच एक दिवस जातो. उत्तर सगळ्यांना पाठवा. मुदत प्रत्येकाने आपापल्या गावची धरायची : शुक्रवार १६ ऑक्टोबर, रात्री झोपण्याआधी.

कुणाचंही ‘नाही’ नसलेली वेळ मी घेईन. ज्याला सूट आहे त्याचं ‘नाही’ त्या वेळेसाठी मोजणार नाही. अशा दोन वेळा निघाल्या तर जिच्यात ‘ओढूनताणून’ कमी, ती. शनिवारी १७ तारखेला पुण्याच्या रात्री मी निर्णय कळवेन आणि त्याबरोबर कॅलेंडरचं एकच आमंत्रण पाठवेन. ते तुमच्या फोनवर तुमच्या गावच्या वेळेत दिसेल. आमंत्रणातली वेळ आणि वरची तुमची ओळ यांत पाच मिनिटांचाही फरक दिसला तर स्वतः अंदाज न बांधता मला लगेच फोन करा.

अनघाताई, तुम्ही दिवाळीसाठी नागपूरला येणार आहात असं म्हणाला होतात. ३१ तारखेला तुम्ही भारतात असाल तर दुबईची ओळ सोडून पुण्याची वाचा. बाकी कुणी त्या आठवड्यात प्रवासात असेल तर उत्तरात गावाचं नाव आणि तारखा लिहा, मी त्या गावची ओळ करून पाठवते.

प्रसाद, प्रूफ २२ लाच जायला हवं. ‘क’ ठरली तर वाचायला सगळ्यांना दीड-दोन दिवसच मिळतील.

आपली,
मीनल
पुणे, सोमवार १२ ऑक्टोबर २०२६